ठाण्याच्या खाडीतला फ्लेमिंगो क्रोशावर उतरवताना: घरं, रंग आणि ओळींचा हिशेब

ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीतून मागच्या हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गेले होते. ओहोटी लागत होती, चिखल वर येत होता आणि पन्नासेक पक्षी माना खाली घालून चिखलातलं खाणं टिपत होते. फोटो भरपूर काढले. त्यातला एक क्रोशावर विणून भिंतीला लावायचा असं परतीच्या वाटेवरच ठरवलं.

फोटोवरून क्रोशाचं चित्र विणायच्या पद्धतीला टॅपेस्ट्री क्रोशा म्हणतात. सगळं काम मुक्या खांबाचं. चार्टवरचं एक घर म्हणजे एक मुका खांब, आणि ज्या रंगाची पाळी नाही तो धागा टाक्यांच्या पोटातून पुढे न्यायचा. विणायला सोपं आहे, रुमालाला कड घातली असेल तेवढं कौशल्य पुरतं. चूक होते ती सुई हातात घेण्याच्या आधी, फोटोची घरं पाडताना. म्हणून या लेखात जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आधी तुकडा, मग फोटो

माझं पहिलं चित्र होतं मासुंदा तलावावरच्या बगळ्याचं. बाजारात मिळणाऱ्या आलेख कागदावर तो रेखाटला, घरं मोजली आणि विणायला बसले. पूर्ण झाल्यावर शेजारच्या काकू बघायला आल्या. म्हणाल्या, "छान झालंय गं, बदक ना?" बगळ्याची मान आखूड झाली होती आणि पाय बुटके. कुठेही टाका चुकलेला नव्हता. चुकलं होतं एवढंच, की आलेख कागदावरचं घर चौरस असतं आणि मुका खांब चौरस नसतो. बहुतेकांच्या हाताला तो उंचीपेक्षा थोडा रुंद येतो. तो फरक एका टाक्यात दिसत नाही, शंभर ओळींत दिसतो.

त्यामुळे सुरुवात नमुन्याच्या तुकड्याने करायची. जी लोकर आणि जी सुई चित्राला वापरणार तीच घ्या, 24 टाके घाला आणि 24 ओळी विणा. आणि हे विसरू नका: तुकडा एकाच रंगात विणायचा नाही. दुसरा धागा टाक्यांच्या पोटातून नेत विणा, चित्रात नेणार तसाच. पोटात धागा असला की टाका फुगतो आणि ओळीची उंची बदलते. साध्या तुकड्यावरून काढलेलं माप चित्राला लागू पडत नाही.

तुकडा झाला की लगेच मोजू नका. वरच्या कडेला कपड्यांचे दोन चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा, कारण चित्रही टांगलेलंच राहणार आहे आणि स्वतःच्या वजनाने ते थोडं लांबतं. सकाळी सपाट ठेवून मधल्या भागात पट्टी लावा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते मोजणीत धरू नका. 8 प्लायची ॲक्रिलिक लोकर आणि 3.5 मिलिमीटरची सुई घेऊन माझ्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये आडवे 18 टाके आणि उभ्या 20 ओळी आल्या. तुमचे आकडे वेगळे येतील. पुढचा सगळा हिशेब तुम्हाला तुमच्या आकड्यांनीच करायचा आहे.

मला चित्र 40 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच हवं होतं. रुंदीला सेंटिमीटरमागे 1.8 टाके, म्हणजे 72 टाके. उंचीला सेंटिमीटरमागे 2 ओळी, म्हणजे 100 ओळी. हाच फोटो चौरस घरांवर पाडला असता तर 72 टाक्यांना 90 ओळी आल्या असत्या आणि चित्र 50 ऐवजी 45 सेंटिमीटरच उंच झालं असतं. बगळ्याचं बदक होतं ते असं.

72 घरांत काय मावतं

किती घरं घ्यायची हे भिंतीवरच्या जागेवरून ठरवण्याकडे आपला कल असतो. मी आता ते फोटोतल्या सगळ्यात बारीक, पण ओळख पटवणाऱ्या भागावरून ठरवते. फ्लेमिंगोच्या बाबतीत तो भाग म्हणजे चोच. मध्येच खाली वाकलेली ती चोच दिसली नाही तर तो कुठलाही गुलाबी पक्षी वाटेल. वाक दाखवायला चोच धरून डोकं आडवं किमान 6 घरांचं तरी हवं. त्याहून कमी घरांत नुसता ठिपका दिसतो.

फोटो मोबाइलवर पूर्ण दिसेल असा ठेवा आणि डोकं चित्राच्या रुंदीचा कितवा भाग आहे ते पट्टीने मोजा. माझ्या आवडत्या फोटोत चार पक्षी होते आणि एकेक डोकं रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढं होतं. 72 भागिले 40, म्हणजे दोन घरंसुद्धा नाहीत. चारही पक्षी ठेवायचे तर सहा घरांसाठी 240 टाके रुंद, सव्वा मीटरहून मोठं चित्र विणावं लागलं असतं. मन घट्ट करून तीन पक्षी कापले. उरलेल्या एकाचं डोकं रुंदीच्या बाराव्या भागाएवढं झालं, म्हणजे बरोबर 6 घरं.

खाडीत दोन जातींचे फ्लेमिंगो येतात, थोरला आणि धाकटा. थोरल्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते, धाकट्याची गडद. क्रोशाच्या दृष्टीने थोरला सोयीचा, कारण गुलाबीवर काळं टोक दोन-चार घरांतही उठून दिसतं. माझ्या फोटोत तोच होता.

फोटोचा चार्ट

मी हे काम `GIMP` या मोफत प्रोग्रॅममध्ये करते. आधी फोटो 4 बाय 5 या प्रमाणात कापायचा, कारण चित्र 40 बाय 50 आहे. मग `Image > Scale Image` मध्ये जाऊन रुंदी आणि उंचीच्या शेजारची साखळी सोडवायची, एकक पिक्सेल ठेवायचं आणि 72 बाय 100 भरायचं. इथे पडद्यावरचा पक्षी उभट आणि लुकडा दिसू लागतो. तो तसाच दिसायला हवा, त्याला हात लावू नका. विणताना प्रत्येक घर थोडं रुंद येईल आणि पक्षी आपल्या मापावर बसेल.

लहान केल्यानंतर रंग कमी करायचे, आधी नाही. लहान करताना दोन रंगांच्या सीमेवर मधल्या छटा नव्याने तयार होतात. रंग आधी कमी केले असतील तर त्या छटा पुन्हा घुसतात. `Image > Mode > Indexed` मध्ये कमाल रंग 5 आणि `Color dithering` ला `None` निवडा. दुसरा कुठलाही पर्याय ठेवला तर छटा दाखवण्यासाठी एकाआड एक ठिपके पेरले जातात. पडद्यावर ते सुंदर दिसतात, पण विणताना प्रत्येक टाक्याला रंग बदलावा लागतो.

आता एक अडचण येईल. प्रोग्रॅम रंग निवडतो ते मुख्यतः कशाने जास्त जागा व्यापली आहे त्यावरून. माझ्या फोटोत पाणी आणि चिखल एवढा होता की पाचपैकी चार रंग करड्याच्या छटांनाच गेले, अख्ख्या पक्ष्याला एक गुलाबी मिळाला आणि चोचीचं काळं टोक गायबच झालं. म्हणून मी एक पायरी मागे गेले. 72 बाय 100 च्या चित्रात `Pencil` ने पाणी दोनच करड्यांत रंगवून टाकलं, वर फिकट आणि खाली गडद, मध्ये पाण्याच्या आडव्या रेघा. मग पुन्हा पाच रंग मागितले. आता फिकट करडा, गडद करडा, फिकट गुलाबी, गडद गुलाबी आणि काळा असे हवे तेच पाच आले.

यानंतर `Image > Mode > RGB` करून घ्या आणि पेन्सिलचा आकार 1 ठेवून एकटी पडलेली घरं पुसायला बसा. आजूबाजूला सगळं करडं आणि मध्येच एक गुलाबी घर असेल तर ते विणल्यावर पक्ष्याचं पीस न वाटता चूक वाटतं. माझा नियम साधा आहे: डोळा सोडून एकही घर एकटं राहता कामा नये. या साफसफाईला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि चित्र ओळखू येतं की नाही ते इथेच ठरतं. अधूनमधून मोबाइल हातभर लांब धरून, डोळे किलकिले करून पडद्याकडे बघा. चोच तशी दिसली तरच पुढे जा.

शेवटी चार्ट छापण्याजोगा मोठा करायचा. पुन्हा `Scale Image`, पण या वेळी `Interpolation` मध्ये `None` घ्या, नाहीतर कडा धूसर होतील. मी एका घराला 20 बाय 18 पिक्सेल दिले, म्हणजे 1440 बाय 1800. घर रुंद आणि बुटकं झालं की पडद्यावरचा पक्षी पुन्हा मूळ प्रमाणात येतो. इथे तो खऱ्या फ्लेमिंगोसारखा दिसला नाही तर तुमचा टाक्या-ओळींचा हिशेब कुठेतरी चुकला आहे, मागे जाऊन तपासा. मग `Filters > Render > Pattern > Grid` मध्ये आडवं अंतर 20 आणि उभं 18 देऊन रेघा पाडा. छापल्यावर दर दहाव्या रेघेवर लाल पेन फिरवा. घरं मोजायला त्याचा फार आधार होतो.

रंग दुकानात, पण उजेड बाहेरचा

प्रत्येक रंगाची घरं किती तेही इथेच कळतं. मोठं करण्याआधीच्या चित्रात `Select by Color` ने एक रंग निवडा आणि `Histogram` मध्ये पिक्सेलची संख्या वाचा. माझे आकडे असे आले: फिकट करडा 3900, गडद करडा 1500, फिकट गुलाबी 1250, गडद गुलाबी 500, काळा 50. एकूण 7200, म्हणजे 72 गुणिले 100. बेरीज जुळली नाही तर कुठलातरी रंग दोनदा मोजला गेला आहे.

आता नमुन्याच्या तुकड्यातले 20 टाके उसवून धागा मोजा. माझा 76 सेंटिमीटर निघाला, म्हणजे टाक्याला 3.8. त्या हिशेबाने फिकट करड्याला 148 मीटर लागतात. पोटातून नेलेला धागा वेगळा धरायचा: एक धागा अख्ख्या चित्रभर नेला तर 100 ओळी गुणिले 40 सेंटिमीटर, म्हणजे 40 मीटर. सगळे टाके आणि हा धागा मिळून साधारण 314 मीटर होतात. माझ्या लोकरीच्या पट्टीवर 50 ग्रॅमला 130 मीटर लिहिलं होतं, म्हणून फिकट करड्याचे दोन गुंडे आणि बाकीच्या रंगांचा एकेक. काळी लोकर दोन मीटर पुरे होती, ती घरच्या उरलेल्यातून घेतली.

दोन गुंडे घेताना पट्टीवरचा डाय लॉटचा क्रमांक एकच आहे ना ते पाहा. वेगळ्या लॉटचा करडा दुकानात सारखा दिसतो, आणि भिंतीवर बरोबर मध्यावर आडवा पट्टा उठतो.

रंग जुळवण्यापेक्षा मी फिकट-गडद जुळवण्याला जास्त महत्त्व देते. नौपाड्यातल्या दुकानात मी एक सुंदर फिकट गुलाबी आणि एक मऊ करडा निवडला होता. शेजारी शेजारी ठेवून मोबाइलने फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला, तर दोन्ही गुंडे एकाच राखाडी रंगाचे दिसले. हे दोन घेऊन विणलं असतं तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पक्षी पाण्यात विरघळून गेला असता. करडा दोन छटा गडद घेतला आणि पुन्हा फोटो काढला, तेव्हा गुलाबी पांढरट आणि करडा काळपट असा स्पष्ट फरक दिसला. पाचही गुंडे ओळीने मांडून हा फोटो काढा. त्यात पाच पायऱ्या दिसायला हव्यात, निदान जे रंग चार्टवर एकमेकांना खेटून आहेत त्यांच्यात तरी. आणि दुकानदारांना विचारून गुंडे बाहेर फुटपाथवर नेऊन एकदा उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली गुलाबीचा पीच होतो.

ओळी: कुठून कुठे

72 टाक्यांसाठी 73 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब येतो. पुढे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची एक साखळी फक्त वर चढायला असते, ती टाक्यात मोजायची नाही.

चार्ट खालून वर वाचायचा. उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी पहिली ओळ उजवीकडून डावीकडे. मग काम उलटायचं, आणि आता चित्राची मागची बाजू तुमच्याकडे आहे, म्हणून दुसरी ओळ डावीकडून उजवीकडे. विषम ओळींचे आकडे चार्टच्या उजव्या कडेला लिहा आणि समचे डाव्या. आकडा जिथे आहे तिथून वाचायला लागा, म्हणजे डोक्यात वेगळं ठेवावं लागत नाही. डाव्या हाताने विणत असाल तर उलट.

उदाहरणाला पक्ष्याच्या पोटाजवळच्या दोन ओळी बघू. 41 वी ओळ उजवीकडून: करडा 28, गुलाबी 11, करडा 33. 42 वी ओळ चार्टवर उजवीकडून दिसते करडा 27, गुलाबी 13, करडा 32. पण विणायची डावीकडून, म्हणून कागदावर लिहा: करडा 32, गुलाबी 13, करडा 27. गुलाबी दोन्ही बाजूंनी एकेक टाक्याने वाढला, पोट गोल व्हायला लागलं. हीच ओळ चुकून 27, 13, 32 अशी विणली तर गुलाबी भाग पाच टाके बाजूला सरकतो. असं प्रत्येक सम ओळीत झालं की आकाराची कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते. तसे दात दिसले की समजा, सम ओळी उलट्या वाचल्या जात आहेत.

प्रत्येक ओळीचे आकडे लिहिले की बेरीज 72 येते का ते आधीच करून ठेवा. आणि विणून झाल्यावर टाके मोजा, निदान रंगाच्या ओळींत मोजाच. सगळ्यात जास्त हरवतो तो कडेचा टाका. ओळ 71 ची झाली की पुढचा सगळा पक्षी एका घराने सरकतो, आणि ते दहा ओळींनंतर लक्षात येतं. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवत गेलं तर ही चूक होत नाही.

चार्टवर कागदाची पट्टी ठेवताना बरेच जण विणलेल्या ओळी झाकतात. मी उलट करते, चालू ओळीच्या वरचा, न विणलेला भाग झाकते. खालच्या ओळी उघड्या राहिल्या की हातातलं काम आणि कागद यांची तुलना होते: मागच्या ओळीत गुलाबी इथे संपला होता, आता एक टाका पुढे गेला, बरोबर. दर दहाव्या ओळीच्या कडेला एक सेफ्टी पिन लावा. मला रंगाच्या एका ओळीला सात-आठ मिनिटं लागतात. ठाणे–नेरूळ गाडीत मी फक्त पाण्याच्या सरळ ओळी विणते. चोच घरी, टेबलावर, दिवसाउजेडी.

रंग बदलायचा तो एक टाका आधी

नवा रंग त्याच्या पहिल्या टाक्यात घ्यायचा नसतो. मुक्या खांबात सुई घालून दोरा बाहेर काढला की सुईवर दोन फास असतात. जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्यात इथपर्यंत या, मग नवा रंग सुईवर घ्या आणि त्याने दोन्ही फास ओढून घ्या. टाक्याचा माथा पुढच्या टाक्याच्या डोक्यावर बसतो, म्हणून नव्या रंगाचा माथा आधी तयार हवा. हे केलं नाही तर प्रत्येक सीमेवर जुन्या रंगाचा अर्धा ठिपका राहतो.

पोटातून नेलेला धागा दर सात-आठ टाक्यांनी हलकेच ओढून सपाट करा. जास्त ओढला तर कापड आत ओढलं जातं आणि कडा लाटेसारख्या होतात.

काळा धागा मात्र फिकट गुलाबीच्या पोटातून नेऊ नका. टाक्यांच्या फटींतून तो करडी सावली पाडतो आणि ती काही केल्या जात नाही. चोचीसाठी दोन मीटर काळा धागा कपड्याच्या चिमट्याला गुंडाळून तिथेच लोंबता ठेवा आणि चोचीपुरताच वापरा. दोन टोकं जास्त लपवावी लागतील. गडद गुलाबीलाही शक्य असेल तिथे असाच वेगळा चिमटा द्या.

काम न उलटता, प्रत्येक ओळ उजवीकडूनच सुरू करून धागा कापायचा, अशीही एक पद्धत आहे. टाके एकसारखे दिसतात, पण मुका खांब किंचित उजवीकडे कलतो आणि शंभर ओळींत उभी रेघ तिरपी होते. शिवाय दर ओळीला दोन टोकं. लांब मानेच्या पक्ष्याला मी तरी ती घेणार नाही.

पाय

फ्लेमिंगोचे पाय चार्टमध्ये एका घराच्या रुंदीचे आले होते. ते विणून बघितले आणि उसवले. मुक्या खांबाच्या ओळी एकमेकींवर सरळ बसत नाहीत, एकेका टाक्याची उभी रेघ गाठीगाठींची आणि नागमोडी दिसते. दोन घरांचे केले तर पाय जाड होतात. म्हणून पायांच्या जागी पाणीच विणलं आणि चित्र पूर्ण झाल्यावर वरून गडद गुलाबी धाग्याने साखळी घातली: धागा मागे धरायचा, सुई समोरून आत घालायची, फास वर ओढून आधीच्या फासातून काढायचा. प्रत्येक ओळीला एक फास. गुडघ्याजवळ दोन फास शेजारी घातले की सांधा दिसतो. धागा सैल ठेवा, कारण ताणला तर खालचं कापड चुणतं.

ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, लोकर कायमची लुळी पडते. चित्र पालथं पिना टोचून बसवा, वाफ दोन इंचांवरून द्या आणि पूर्ण थंड होईपर्यंत पिना काढू नका. वरच्या कडेच्या प्रत्येक टाक्यातून दोरी ओवून ते लाकडी काठीला बांधा. चार-पाच ठिकाणीच बांधलं तर मधल्या जागा झुकतात आणि इतकी मोजून आणलेली शंभरावी ओळ लाटेसारखी दिसते.